पुस्तिका पाठवतोय, बघून घ्या

‘सोबत पीडीएफ जोडली आहे. मराठीत करून हवी. किती दिवस लागतील आणि किती घ्याल ते कळवा. जरा अर्जंट आहे.’ घरी बसून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भाषांतरकाराला अशी ईमेल वरचेवर येते. पाठवणाऱ्याच्या मनात काही खोट नसते, कामही खरं असतं. पण या चार वाक्यांवरून ना दर सांगता येतो, ना तारीख. भाषांतरकार अनुभवी असेल तर उलट आठ-दहा प्रश्न विचारतो. नवखा असेल तर काम हातचं जाईल या भीतीने अंदाजे आकडा सांगून सुरुवात करतो. मग न विचारलेले प्रश्न पुढे सरकत राहतात आणि पुस्तिका छापखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात सगळे एकदम दारात उभे राहतात.

हे प्रश्न कोणते आणि पहिल्याच ईमेलमध्ये त्यांची उत्तरं कशी देता येतात, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयाला मधुमेही रुग्णांसाठी पायांची निगा सांगणारी पुस्तिका काढायची आहे. मूळ मजकूर इंग्रजी आहे, परदेशातल्या एका सेवाभावी संस्थेचा. तो मराठीत आणण्याची लेखी परवानगी मिळालेली आहे. (ही परवानगी आधी लागते. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो, आणि फुकट वाटायची पुस्तिका आहे म्हणून तो संपत नाही.) पुस्तिका ए-फाइव्ह आकाराची, आतली २४ पानं आणि वर कव्हर, ३,००० प्रती. १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाला ती रुग्णांच्या हातात पडायला हवी. भाषांतरकार पुण्यात आहेत, डिझायनर कोल्हापुरात. रुग्णालयाच्या समन्वयक बाईंनी दोघांनाही पाहिलेलं नाही. सगळा व्यवहार ईमेलवर.

किती काम, हे कसं मोजायचं

समन्वयक बाईंनी वर्ड फाइल उघडली तर शब्दसंख्या दिसली ३,६००. हा आकडा त्यांनी तसाच कळवला असता तर पहिला खटका तिथेच उडाला असता. वर्डच्या मोजणीत चित्रांवर छापलेले शब्द येत नाहीत. या पुस्तिकेत पायाच्या आकृत्या आहेत, त्यांवर बाण काढून नावं लिहिली आहेत. रोज काय तपासायचं याचा एक तक्ता आहे आणि तोही चित्र म्हणून चिकटवलेला आहे. शिवाय कव्हरच्या मागच्या बाजूचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये आहे. हे सगळं धरून आकडा ४,२०० वर जातो. सहाशे शब्द म्हणजे भाषांतरकाराचं जवळजवळ पाव दिवसाचं काम. ते कुणाच्या खिशातून जाणार, यावरून कडवटपणा येतो.

शब्द कुठल्या बाजूचे मोजायचे, हाही प्रश्न आहे. इंग्रजीतून मराठीत येताना शब्द कमी होतात, कारण आपण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला जोडून लिहितो. ‘ऑन द सोल्स ऑफ युअर फीट’ हे सहा शब्द मराठीत ‘तळपायांवर’ या एका शब्दात बसतात. मजकूर तेवढाच, कष्ट तेवढेच, पण मराठी शब्द मोजून पैसे ठरले असतील तर रक्कम बरीच खाली येते. म्हणून ‘दर मूळ इंग्रजी शब्दांवर’ हे चार शब्द ईमेलमध्ये असले की काम सुरू होण्याआधीच दोघांनाही पूर्ण रक्कम माहीत असते. मराठी शब्दांवर ठरवायचं असेल तरी हरकत नाही; फक्त ते आधी बोललेलं असावं.

याहून अवघड प्रश्न आहे तो मोकळीक किती, याचा. परदेशी पुस्तिकेत लिहिलेलं असतं की पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, खोली गरम करणाऱ्या हीटरजवळ ठेवू नका. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असते, चटका बसला तरी कळत नाही, म्हणून हा सल्ला. पण निफाडच्या थंडीत तळपाय शेकणारा माणूस हीटरपाशी बसत नाही, शेकोटीपाशी बसतो. पुस्तिकेत ‘घरातही अनवाणी चालू नका’ असं आहे. पण देवळात काय करायचं, हा आपल्याकडच्या रुग्णाचा पहिला प्रश्न, आणि मूळ पुस्तिकेला तो माहीतच नाही. भाषांतरकाराने ‘हीटर’च्या जागी ‘शेकोटी’ लिहावी का? आपणहून लिहिली आणि डॉक्टरांना ती नको असली, तर मूळ मजकूर बदलल्याचा ठपका येतो. नाही लिहिली, तर वाचणाऱ्याला ते पान परकं वाटतं. याचं उत्तर भाषांतरकाराने द्यायचं नसतं. काम देणाऱ्याने सांगायचं असतं: जिथे बदल हवासा वाटेल तिथे मूळ अर्थच ठेवा, पण बाजूला कॉमेंट टाका, निर्णय डॉक्टर घेतील. जाहिरातीचं काम असेल तर याच्या बरोबर उलट सूचना द्यावी लागते. दोन्ही चालतं, पण न सांगता कुठलंच चालत नाही.

वाचणारा कोण, हेही इथेच सांगून टाकावं. ‘सोप्या मराठीत’ एवढं म्हणून काही कळत नाही, कारण सोपं हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. ‘वाचणारे बहुतेक पन्नाशीपुढचे, सातवी-आठवीपर्यंत शिकलेले, ओपीडीत ‘शुगर’ म्हणणारे’ असं सांगितलं की भाषांतरकाराच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो आणि शंभर लहान निर्णय आपोआप सुटतात. काही निर्णय तरीही सांगावेच लागतात. ‘पाय धुवावेत’ की ‘पाय धुवा’? ‘केले पाहिजे’ की ‘केलं पाहिजे’? आकडे १२३ असे की रोमन लिपीतले? औषधांची नावं देवनागरीत, की गोळ्यांच्या पाकिटावर असतात तशी? एकेक गोष्ट किरकोळ वाटते. पण ‘केले’चं ‘केलं’ करायचं ठरलं, तेही सगळं भाषांतर झाल्यावर, तर ४,२०० शब्दांच्या प्रत्येक वाक्यात हात घालावा लागतो. ‘सर्व बदला’ या बटणाने ते होत नाही. ‘चांगले शूज’चं ‘चांगलं शूज’ होऊन बसतं.

संदर्भ म्हणजे ढीग नव्हे

काम देणारा उत्साही असला की दहा-बारा फाइली जोडून पाठवतो: जुनी पत्रकं, वार्षिक अहवाल, कुणाच्या तरी भाषणाची प्रत. भाषांतरकार त्या उघडतो, त्यांत एकाच गोष्टीला तीन नावं सापडतात आणि तो आधी होता त्याहून जास्त गोंधळतो. तीन संदर्भ पुरतात, पण प्रत्येकासोबत तो कशासाठी आहे हे लिहिलेलं हवं. आपल्या रुग्णालयाने पुढचे तीन पाठवले. पहिला, मूळ इंग्रजी पुस्तिकेची छापील रूपातली पीडीएफ. भाषांतर वर्ड फाइलवरच करायचं, पण कुठला मजकूर कुठल्या चित्राखाली आहे हे यात दिसेल. दुसरा, रुग्णालयाचं आहारावरचं जुनं मराठी पत्रक. भाषेचा सूर असा हवा, मात्र त्यातले वैद्यकीय शब्द घेऊ नका. तिसरा आणि सगळ्यात मोलाचा, पंचवीस शब्दांची यादी. इंग्रजी शब्द, रुग्णालयात त्यासाठी रुजलेला मराठी शब्द आणि टाळायचा शब्द, असे तीन रकाने.

ही यादी डॉक्टरांनी अर्ध्या तासात बघून द्यायची असते, आणि ती मिळवायला समन्वयकाला आठवडा लागतो. तरी ती आधीच मिळवावी. यादीत ‘अल्सर’साठी ‘जखम’ हवं की ‘व्रण’, हे भाषांतरापूर्वी ठरलं तर एका ओळीचं काम असतं. नंतर ठरलं तर चाळीस ठिकाणी शोधावं लागतं, आणि ‘जखम झाली’चं ‘व्रण झाली’ होऊ न देता लिंग बदलून वाक्यं पुन्हा बांधावी लागतात.

आता ती ईमेल पाहू. हे सगळं लिहायचं तर पत्र लांबलचक होईल, असं वाटतं. तसं होत नाही.

विषय : पायांची निगा पुस्तिका, इंग्रजी ते मराठी, ४,२०० शब्द, १३ सप्टेंबरपर्यंत

नमस्कार मॅडम,

आमच्या मधुमेह विभागासाठी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करायची आहे. ती रुग्णांना मोफत वाटली जाईल. वाचणारे बहुतेक पन्नाशीपुढचे आणि सातवी-आठवीपर्यंत शिकलेले आहेत; काहींना घरचे लोक वाचून दाखवतील.

मजकूर ४,२०० इंग्रजी शब्दांचा आहे. यात चित्रांवरची नावं, तक्ता आणि कव्हरही धरलं आहे. चित्रांवरचे शब्द फाइलच्या शेवटी वेगळे टाइप करून दिले आहेत. हा मजकूर अंतिम आहे. पुढे आमच्याकडून त्यात भर पडली तर तिचे पैसे वेगळे. डिझाइन झाल्यावर पीडीएफ एकदा वाचून द्यावी, अशीही विनंती आहे. त्या वाचनाचा आकार कृपया वेगळा कळवा.

भाषा बोलती हवी (‘केलं’, ‘असतं’), वाचकाला ‘तुम्ही’, आकडे देवनागरी. औषधांची नावं मुळात आहेत तशी रोमन लिपीत ठेवा, पाकिटावर ती तशीच असतात. शब्दांची यादी जोडली आहे. तिच्यातला एखादा शब्द खटकला तर जरूर सांगा, पण आपणहून बदलू नका. आपल्याकडच्या रुग्णाला लागू पडत नाही असं काही आढळलं तर मूळ अर्थ ठेवून बाजूला कॉमेंट टाका.

मराठी मजकूर वर्डमध्ये, युनिकोडमध्ये हवा. शीर्षकं आणि परिच्छेद मूळ क्रमानेच ठेवा, म्हणजे डिझायनरना जुळवता येईल. फाइलचं नाव `paay-niga_mr_v1.docx`.

४ सप्टेंबरपर्यंत पान ५ आणि ६ नमुन्यादाखल पाठवाल का? ती आम्ही दोन दिवसांत बघून देऊ. पूर्ण मजकूर १३ तारखेला. आमच्या सगळ्या सूचना १९ तारखेला, एकाच फाइलमध्ये, माझ्याकडूनच येतील. त्यानुसार दुरुस्त प्रत २३ तारखेला. वैद्यकीय बाबतीत शेवटचा शब्द विभागप्रमुखांचा, भाषेच्या बाबतीत तुमचा.

तुमचा दर इंग्रजी शब्दावर कळवा. तारखा अवघड वाटत असतील तर आत्ताच सांगा, अजून दोन-तीन दिवस पुढेमागे करता येतील.

एवढंच. या पत्रातलं सर्वांत उपयोगी वाक्य मला विचाराल तर नमुन्याच्या दोन पानांचं आहे. सूर चुकला असेल तर तो पाचशे शब्दांत कळतो; चार हजार शब्द झाल्यावर कळणं दोघांनाही महागात पडतं. त्या दोन पानांचे पैसे अर्थातच एकूण कामात धरलेले असतात, फुकट नमुना मागणं बरं नाही. नमुन्यासाठी पानं निवडतानाही प्रस्तावना देऊ नये. ती कुणालाही चांगली जमते. जिथे सूचना, वैद्यकीय शब्द आणि चित्राखालच्या ओळी एकत्र आहेत, अशी पानं द्यावीत.

तारखांबद्दल थोडं. एक भाषांतरकार दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार शब्द नीट करू शकतो, असं या व्यवसायात धरलं जातं. म्हणजे ४,२०० शब्दांचे दोन दिवस झाले. पण त्यानंतर मजकूर एक दिवस बाजूला ठेवून पुन्हा वाचायचा असतो, शंका विचारायच्या असतात आणि त्या माणसाकडे आपलं एकट्याचंच काम नसतं. म्हणून नमुना पास झाल्यावर आठवडाभर दिला तर तो वाजवी म्हणायचा. भाषांतरसेवेचं आयएसओ १७१०० हे आंतरराष्ट्रीय मानक तर म्हणतं की भाषांतर दुसऱ्या व्यक्तीने मुळाशी ताडून वाचलंच पाहिजे. छोट्या कामांत ते दुसरे डोळे बहुधा काम देणाऱ्याकडचे असतात. आपल्या उदाहरणात ते काम डॉक्टर करणार आहेत, आणि सप्टेंबरात गणपती आले की डॉक्टरांचे सहा दिवस कधी दहा होतात. हे धरूनच वेळापत्रक आखायचं.

कोल्हापूरकडे

मराठी मजकूर पक्का झाल्यावरच डिझायनरकडे जावा. हा नियम मोडायचा मोह सगळ्यांना होतो: ‘ते डिझाइन तरी सुरू करतील, मजकूर मागून टाकू.’ रंगसंगती आणि कव्हर सुरू करायला हरकत नाही. पण मजकूर पानांत ओतल्यावर पान ९ वर दोन ओळी वाढल्या तर पान १० ची सुरुवात सरकते, चित्र दुसरीकडे जातं आणि बदल एका पानात होऊनही वाचायची मात्र तीन पानं पडतात.

डिझायनरच्या ईमेलमध्ये कामाची व्याप्ती शब्दांत नाही, पानांत आणि तुकड्यांत सांगायची असते. आकार १४८ बाय २१० मिलिमीटर. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून रंग बाहेर वाढवलेला. मध्ये पिना मारायच्या, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत: आतली २४, कव्हरची ४. मजकूर वाढून पंचविसावं पान लागलं तर एका पानाने भागत नाही, सरळ २८ वर उडी मारावी लागते आणि छपाईचा खर्च वाढतो. नऊ आकृत्या मुळातल्याच घ्यायच्या, पण नावं मराठीत घालायची. दोन आकृत्या नव्याने काढायच्या: बूट नको, आपल्याकडची पट्ट्याची चप्पल हवी. या ‘नव्याने’चा आकार वेगळा असतो, म्हणून मोजून सांगायचं.

फोटोंचं एक गणित पाठ ठेवण्यासारखं आहे. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. ए-फाइव्हचं पूर्ण पान भरणारा फोटो म्हणजे निदान १,७४८ बाय २,४८० पिक्सेल, ब्लीड धरलं तर आणखी थोडा मोठा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जाऊन लहान होतो. मोबाइलच्या पडद्यावर छान दिसतो आणि कागदावर पिठूर उतरतो. त्यामुळे फोटो ड्राइव्हवरून किंवा निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. रुग्णालयाचं बोधचिन्ह लेटरहेडवरून कापून देऊ नये. ते कधीतरी कुणाकडून तरी करून घेतलेलं असतं. त्याची मूळ `.ai`, `.svg` किंवा व्हेक्टर स्वरूपातली `.pdf` शोधून द्यावी.

मराठीच्या छपाईत खरी मेख मात्र फॉन्टची आहे, आणि तिचा उल्लेख कुणी ब्रीफमध्ये करत नाही. आपल्याकडच्या अनेक छपाईघरांत अजूनही जुन्या पद्धतीचे देवनागरी फॉन्ट वापरले जातात. त्यांत संगणकाच्या लेखी साठवलेली असतात ती रोमन अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. भाषांतरकाराने दिलेला युनिकोड मजकूर अशा फॉन्टमध्ये न्यायचा तर तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो आणि त्यात जोडाक्षरं कुठेकुठे तुटतात. म्हणून ‘काम शेवटपर्यंत युनिकोड फॉन्टमध्येच’ अशी ओळ हवी. चांगले आणि मुक्त परवान्याचे फॉन्ट आता उपलब्ध आहेत; मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त त्यांपैकीच एक.

युनिकोड असूनही घोटाळा होऊ शकतो. इनडिझाइनमध्ये ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी कंपोझर’ नावाची सोय निवडलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, रफार भलतीकडे पडतो आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. मराठी न वाचणाऱ्या डिझायनरला हे दिसतच नाही. यावर एक सोपा उपाय आहे: पूर्ण काम सुरू होण्याआधी निवडलेल्या फॉन्टमध्ये एक ओळ लावून पीडीएफ मागवायची. ओळ अशी: ‘पायऱ्या, दुसऱ्या, ॲलर्जी, ऑपरेशन, निर्जंतुक, रक्तवाहिन्या, स्वच्छ, शक्ती, लाल’. ‘पायऱ्या’तला र आडव्या लहान चंद्रकोरीसारखा दिसला पाहिजे, त्याचा रफार होऊन तो ‘या’च्या डोक्यावर चढला तर गडबड आहे. ‘ॲलर्जी’चा पहिला ‘ॲ’ काही फॉन्टमध्ये नसतोच, कारण तो युनिकोडमध्ये २००८ साली आला. तिथे रिकामा चौकोन दिसतो. शेवटच्या शब्दांत ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत का ते पाहायचं. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की ती बदलतात. रुग्णाला हिंदी वळणाचा ‘ल’ वाचता येत नाही असं मुळीच नाही. पण राज्य सरकारने २००९ मध्ये शासन निर्णयाने मराठी वळण ठरवून दिलेलं आहे, आणि सरकारी रुग्णालयांतही पुस्तिका वाटायची असेल तर कुणीतरी बोट ठेवतंच.

अक्षराचा आकारही सांगावा. देवनागरी अक्षर त्याच पॉइंटच्या रोमन अक्षरापेक्षा लहान दिसतं, आणि वरच्या-खालच्या मात्रा, उकार यांना ओळींमध्ये जास्त जागा लागते. मराठीत शब्द कमी झाले म्हणून पानं कमी होतील, हा हिशेब म्हणून चुकतो. पन्नाशीपुढच्या वाचकासाठी १४ पॉइंट मागितला की तेवढ्यानेच डिझायनरला कळतं की दर पानावर मजकूर किती बसणार आणि चित्रं किती मोठी ठेवता येणार.

आवडीचे नमुने पाठवताना का आवडले ते लिहावं. ‘हे पत्रक बघा’ एवढंच म्हटलं तर डिझायनर त्याचा निळा रंग उचलतो, आणि समन्वयक बाईंना आवडलेली असते ती दर पानावर एकच सूचना मोठ्या अक्षरात असण्याची पद्धत.

सूचनांच्या फेऱ्या

‘दोन फेऱ्यांपर्यंत बदल दरात धरलेले’ असं बहुतेक डिझायनर लिहितात. पण फेरी म्हणजे काय, हे दोन्ही बाजू वेगळं समजतात. काम देणाऱ्याला वाटतं, बदल लहान असतील तर कितीदाही सांगता येतील. डिझायनरच्या लेखी फाइल उघडली, बदलली, पीडीएफ काढली आणि पाठवली की एक फेरी झाली. मग बदल एका अनुस्वाराचा असो की अख्ख्या पानाचा. म्हणून ईमेलमध्ये फेरीची व्याख्याच लिहिलेली बरी: एका पीडीएफवर एका व्यक्तीकडून आलेली एक एकत्रित यादी म्हणजे एक फेरी.

‘एका व्यक्तीकडून’ हे जमवणं सगळ्यात कठीण. आपल्या पुस्तिकेची पहिली पीडीएफ ४ ऑक्टोबरला आली आणि ती पाच जणांकडे गेली असं धरू. विभागप्रमुख प्रिंट काढून लाल पेनाने लिहितात. आहारतज्ज्ञ बाई फोनवर सांगतात. विश्वस्त व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहितात: ‘छान आहे, फक्त रंग जरा प्रसन्न हवेत.’ ही पाच माणसं परस्पर डिझायनरला कळवू लागली तर पान ७ वर एकाच वाक्याबद्दल दोन उलट सूचना पोचतात आणि कोल्हापुरात बसलेल्या माणसाला नाशिकच्या रुग्णालयातला मान-मरातब ओळखून निवाडा करावा लागतो. ते त्याचं काम नाही. समन्वयकाने सगळं गोळा करून, भांडणं आपल्याच इमारतीत मिटवून, पीडीएफवर क्रमांक घातलेल्या कॉमेंट टाकून पाठवायचं.

गोळा करताना सूचना तीन ढिगांत वेगळ्या पडतात, आणि हे वेगळं करणं हाच या कामाचा गाभा आहे. पहिला ढीग चुकांचा. ‘बोटांच्या बेचक्यात क्रीम लावा’ असं छापलं गेलं आहे, मुळात ‘लावू नका’ आहे. ओल साचून तिथे बुरशी होते, म्हणून हा ‘नका’ जिवाचा आहे. अशी चूक कोणत्याही फेरीत सापडली तरी करणाऱ्याने विनामूल्य दुरुस्त करायची. दुसरा ढीग आवडीनिवडीचा: रंग प्रसन्न, शब्द सौम्य. हे पहिल्याच फेरीत यायला हवं आणि नेमकं यायला हवं. ‘प्रसन्न’ म्हणजे काय? विश्वस्तांना विचारलं तर कळतं की कव्हरवरचा करडा रंग त्यांना आजारी वाटतो. मग लिहायचं: ‘कव्हरची करडी पार्श्वभूमी बदलून पिवळ्याकडे झुकणारी करावी, आतली पानं आहेत तशीच.’ तिसरा ढीग नव्या मजकुराचा. विभागप्रमुखांना आता आठवतं की देवदर्शनाला आणि वारीला जाणाऱ्यांसाठी एक परिच्छेद हवा. कल्पना उत्तम आहे. पण ही दुरुस्ती नव्हे, भर आहे. ती आधी भाषांतरकाराकडे जाते, मग डिझायनरकडे, आणि दोघांचेही पैसे वेगळे होतात. हे पहिल्या पत्रात लिहिलेलं असलं की मागायला संकोच वाटत नाही आणि द्यायलाही.

मजकुरातले बदल पीडीएफमधून कॉपी करून पाठवू नयेत. पीडीएफमधला मराठी मजकूर वर्डमध्ये चिकटवला की बऱ्याचदा त्याचे काने-मात्रे इकडचे तिकडे होतात, आणि तोच खराब मजकूर डिझायनर विश्वासाने पानात टाकतो. दुरुस्त वाक्य नव्याने टाइप करून द्यावं, पूर्ण द्यावं. ‘तिसऱ्या ओळीत नका टाका’ असं लिहिलं तर तो शब्द नेमका कुठे बसवायचा, हे मराठी वाचणाऱ्या डिझायनरलाही विचारावं लागेल.

दुसरी पीडीएफ आली की ती पहिलीशी ताडून पाहायची: सांगितलेले सगळे बदल झाले का, आणि त्यांच्या आगेमागे न सांगितलेलं काही हललं का. याच टप्प्यावर ती भाषांतरकाराकडेही जाते. मजकूर बरोबर असूनही तिला अशा गोष्टी दिसतात ज्या बाकीच्यांना दिसत नाहीत: आकृतीतल्या टाचेला ‘चवडा’ म्हटलंय, तक्त्यातली शेवटची ओळ गळली आहे, ओळ तुटताना एखादा आकडा आणि त्याचं एकक वेगवेगळ्या ओळींत गेलं आहे. तिच्या दुरुस्त्याही समन्वयकाच्याच यादीत जातात. मग अंतिम पीडीएफ, आणि तिच्यावर विभागप्रमुखांचं ‘छापायला हरकत नाही’ हे ईमेलने, फाइलच्या पूर्ण नावासकट: `paay-niga_mr_print_v3.pdf`. फोनवरचं ‘हो हो, द्या छापायला’ पुरत नाही, कारण त्या क्षणी प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी ‘फायनल’ उघडी असते. १६ ऑक्टोबरला फाइल छापखान्यात गेली तर पुढे दिवाळीत यंत्रं बंद असली तरी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गठ्ठे हातात येतात.

शेवटी काय काय हातात यायचं, हेही पहिल्याच ईमेलमध्ये लिहायचं असतं, कारण नंतर मागितलं तर तो वेगळा सौदा होतो. छपाईची पीडीएफ ब्लीडसह. मोबाइलवर पाठवायला हलकी पीडीएफ. आणि उघडी फाइल, म्हणजे इनडिझाइनचं पॅकेज, त्यातली चित्रं आणि सोबत `.idml`. विकत घेतलेला फॉन्ट असेल तर तो डिझायनर देऊ शकत नाही, त्याचा परवाना रुग्णालयाने स्वतः घ्यायचा. मुक्त फॉन्ट असला तर हा प्रश्नच येत नाही. भाषांतराबाबत आणखी एक कागद लागतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकर नसलेल्या भाषांतरकाराने केलेल्या भाषांतराचा पहिला मालक तो स्वतः असतो, आणि हक्क देणं लेखीच असावं लागतं. लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. काही वर्षांनी रुग्णालयाची हेल्पलाइन बदलते, त्याच पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची असते आणि एखाद्या परदेशातल्या मराठी मंडळालाही ती हवी असते. तेव्हा उघडी फाइल आणि मुदत व प्रदेश लिहिलेला तो अर्ध्या पानाचा कागद हाताशी असेल, तर फोन नंबर बदलण्याचं काम दहा मिनिटांत होतं.